शाळकरी मुलांच्या हॅकेथॉनला नाव काय द्यावं?

मेधा_कोथरूड
पुण्यात आमच्या भागातल्या चार शाळांतल्या सातवी ते नववीच्या मुलांसाठी दोन दिवसांची हॅकेथॉन घ्यायची आहे. मुलांनी आपण राहतो तिथली अडचण स्वतः शोधायची आणि तिच्यावर तोडगा काढायचा. विषय आम्ही देणार नाही. गाडी नावावर अडली आहे. 'परिसर हॅकेथॉन', 'गल्लीथॉन' आणि 'वस्ती कट्टा' अशी तीन नावं पुढे आली आहेत. 'हॅकेथॉन' हा शब्द ठेवायचा की नाही, यावरही एकमत नाही. तुम्ही काय ठेवाल?

परीक्षक_ताई
मेधाताई, नाव ऐकून मुलं घरून काय उचलून आणतील, ते आधी बघा. शाळांच्या अशा स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जाते. नावात 'टेक' किंवा 'स्मार्ट' असलं की टेबलावर स्मार्ट कचरापेटी हमखास दिसते. हात जवळ नेला की अल्ट्रासॉनिक सेन्सरला कळतं आणि छोटी सर्वो मोटर झाकण उघडते. मुलांना विचारलं, 'तुमच्या गल्लीत घंटागाडी किती वाजता येते? तेव्हा घरी कोण असतं?' तर एकमेकांकडे बघतात. झाकणाला हात लावावा लागतो ही त्या गल्लीची अडचण नव्हतीच. पण नावाने मागितलं यंत्र, म्हणून मुलांनी यंत्र आणलं.

एका शाळेने मात्र उपक्रमाला 'आमच्या फाटकासमोर' असं साधं नाव दिलं होतं. आठवीची मुलं शाळा सुटताना फाटकाशी उभी राहिली आणि दर पाच मिनिटांनी रेघा मारून मोजत गेली: चालत जाणारी मुलं किती, रिक्षा किती, पालकांच्या दुचाकी किती. आधी सगळे रिक्षावाल्यांना दोष देत होते. रेघा मोजल्यावर दिसलं की रिक्षा थोड्याच आहेत. दुचाकी झेब्रा पट्ट्यांवरच थांबतात आणि प्राथमिकची मुलं व मोठी मुलं एकाच वेळी बाहेर पडतात, म्हणून कोंडी होते. मुलांनी सुचवलं की प्राथमिकला दहा मिनिटं आधी सोडा आणि दुचाकींसाठी मागचं फाटक उघडा. तोडग्यात एक वायर नव्हती. कुठे उभं राहून बघायचं, ते त्यांना नावातूनच कळलं होतं.

साधा_बाप
'हॅक' शब्द काढून टाका. हॅकिंग आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. माझ्या आईने मुलाच्या वहीवर 'हॅकेथॉन' वाचलं आणि मला फोन करून विचारलं, 'पोरगं काय शिकतंय रे?' मुलांच्या कार्यक्रमाला गुन्ह्याचं नाव कशाला?

कोडवाला_निगडी
दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. २००० च्या कायद्यात कलम ६६ चं शीर्षक 'हॅकिंग' असंच होतं. २००८ च्या दुरुस्तीत ते बदलून 'संगणकाशी संबंधित गुन्हे' असं केलं. अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा गुन्हा आजही आहेच. पण हॅकेथॉनचा त्याच्याशी काही संबंध नाही. जून १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी ही संगणकप्रणाली लिहिणारे मोजके लोक एकत्र बसून काम करायला जमले, त्या बैठकीला हे नाव होतं. आपलं सरकारही २०१७ पासून 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' घेतंय.

मी शब्द ठेवण्याच्या बाजूचा आहे. इंजिनिअरिंग कॉलेजकडे दोन दिवस लॅब मागायला जा. 'हॅकेथॉन' म्हटलं की समोरच्याला लगेच समजतं की जागा, वीज, वायफाय आणि मदतनीस विद्यार्थी लागणार. 'आमच्या फाटकासमोर' म्हणालात तर आधी पंधरा मिनिटं समजावत बसाल.

परीक्षक_ताई
कॉलेजला पाठवायच्या पत्रात हॅकेथॉन लिहा की, माझी ना नाही. मुलांच्या पोस्टरवर तोच शब्द कशाला? ज्या मुलीला कोडिंग येत नाही, पण सार्वजनिक नळाच्या रांगेत रोज उभी राहिल्यामुळे पाणी कधी येतं आणि दाब कधी पडतो हे जिला पाठ आहे, ती पोस्टर बघून 'हे आपलं नाही' म्हणते. तुम्हाला हवी असलेली माहिती नेमकी तिच्याकडेच असते.

कोडवाला_निगडी
आणि ज्या मुलाला कोडिंग शिकायचंय पण घरात संगणक नाही, तो याच शब्दामुळे येतो. त्याचं काय?

पर्वती_पायथा
मी वस्तीत वाढलोय, म्हणून सांगतो, 'वस्ती' नको. पुण्यात हा शब्द ऐकला की माणसाच्या डोळ्यांसमोर झोपडपट्टी येते. सोसायटीतली मुलं म्हणतील की आपल्याला दुसऱ्यांच्या अडचणी सोडवायच्या आहेत. आमच्याकडच्या मुलांना वाटेल, अडचण म्हणजे आपणच. सोसायटीत अडचणी नाहीत का? टँकरचं पाणी, उघडं चेंबर, आजीला न झेपणारा जिना, हे सगळं तिथेही आहे. नाव असं हवं की दोन्हीकडच्या मुलांना आधी आपलंच दार आठवेल.

सराफा_इंदूर
आमच्या इकडच्या मराठी घरांतून सांगते, 'कट्टा'ही नको. तुमच्याकडे कट्टा म्हणजे बसायची जागा, पण हिंदीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. तुमच्या शाळांत उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांची मुलं असणारच. 'गल्ली' रोमन लिपीत लिहिताना एक एल गळला की हिंदी वाचणारा ते 'गाली', म्हणजे शिवी, असंही वाचेल. नोंदणीची लिंक रोमनमध्येच असेल ना? दहा मुलांना फोनवर नाव सांगा आणि लिहून घ्यायला लावा. प्रत्येकाने वेगळं स्पेलिंग केलं, तर लिंक शोधताना निम्मी मुलं हरवतील.

नीलिमा_मावशी
माझी भाची आठवीत आहे. तिने वाळू आणि कोळशाचं पाणी गाळायचं मॉडेल केलंय. त्याला प्रवेश मिळेल का? बक्षीस किती आहे?

परीक्षक_ताई
मावशी, हे विज्ञान प्रदर्शन नाही. तिच्या घरी येणारं पाणी गढूळ असेल, कुठल्या महिन्यात आणि किती वाजता गढूळ येतं हे तिने पाहिलं असेल, तर मॉडेल जरूर आणावं. पाहिलं नसेल तर आधी तेवढं बघून, तारखा लिहून ठेवायला सांगा.

जुना_शिक्षक
नावाचं फार मनावर घेऊ नका. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून चालू आहे. तिथे मुलं आपल्या भागातलेच प्रश्न घेऊन प्रकल्प करतात आणि तिच्या नावात ना गल्ली आहे ना गाव. फरक पडतो अर्जाने. पहिला प्रश्न 'तुमची कल्पना काय?' असा असला की मुलं आयता उपाय लिहितात. 'तुम्ही कुठे, किती वाजता काय पाहिलं?' असं विचारलंत तर त्यांना आधी बाहेर पडावंच लागतं. नाव काहीही ठेवा, अर्ज बदला.

परीक्षक_ताई
सर, अर्जाचं पटलं. पण अर्ज उघडतो कोण, ते नावावरच ठरतं.

मेधा_कोथरूड
'वस्ती' आणि 'कट्टा' बाद. 'परिसर'ही सोडावं लागेल. त्या नावाची संस्था पुण्यात वाहतुकीच्या प्रश्नांवर काम करते, आणि मुलांना 'परिसर अभ्यास' हे पाठ्यपुस्तक आठवतं. आता 'आमच्या दारासमोर' हे नाव सुचतंय, खाली बारीक अक्षरात 'शालेय हॅकेथॉन'. एका शाळेत फक्त मोठं नाव सांगून आणि दुसरीत फक्त 'शालेय हॅकेथॉन' सांगून विचारणार आहे, 'यात तुम्ही काय आणाल?' दोन्हीकडची उत्तरं इथे टाकते. अर्जाचा पहिला प्रश्न सरांचा.

कोडवाला_निगडी
करून बघा, पण 'हॅकेथॉन' बारीक अक्षरात नको. प्रमाणपत्र पुढे कॉलेजच्या प्रवेशात किंवा शिष्यवृत्तीत दाखवायचं, तर तिथला माणूस 'आमच्या दारासमोर' वाचून काय समजणार? निदान प्रमाणपत्रावर तरी दोन्ही नावं एकाच आकारात छापा.

पर्वती_पायथा
दोन शाळा निवडताना एक महापालिकेची घ्या. दोन्ही खासगी घेतल्यात तर उत्तरं सारखीच येतील.