पिकलेले केस, त्याचे आणि तिचे (अनुभव धागा)

हरभट रोड (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात मिरजेला भाचीचं लग्न होतं. घरच्यांचा फोटो काढताना फोटोग्राफर मुलगा यांना म्हणाला, "साहेब, तुम्ही नवरदेवाशेजारी उभे राहा." मग माझ्याकडे वळून, "आजी, तुम्ही खुर्चीत बसा, दमाल." मी ५० वर्षांची, हे ५४ वर्षांचे. केस दोघांचेही सारखेच पिकलेत.

मी बारा वर्षं केस रंगवत होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी, शनिवारी रात्री नेहमीचीच पुडी कालवून लावली. रविवारी कानामागे खाज सुटली, ती घामाची असेल म्हणून सोडून दिली. सोमवारी सकाळी कपाळावरची सूज खाली उतरून डोळे उघडेनात, कानाच्या पाळ्यांतून पाणी झिरपत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठवड्याभरात सूज उतरली. पण हा रंग आता आयुष्यात पुन्हा लावायचा नाही, असं बजावून सांगितलं.

तेव्हापासून बंद केला. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. माझे खांद्याखाली, त्यामुळे वर्षभर वरून पांढरे आणि खालून विटकरी. सगळ्यात जास्त बोलणी त्या वर्षात ऐकली. "बरं नाही का?", "घरी काही झालं का?" एक मैत्रीण काळजीनेच म्हणाली, "तुझे मिस्टर अजून छान दिसतात, स्वतःकडे लक्ष दे गं." शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन नऊ वर्षं माझ्याकडे होतं. त्या वर्षी "जरा तरुण चेहरा देऊया" म्हणून ते काढून घेतलं. त्याच व्यासपीठावर प्रास्ताविकाला माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, पूर्ण पांढऱ्या केसांचे सर होते. कारण काय, तर त्यांचं वजन पडतं.

तुमच्या बाबतीत काय घडलं ते लिहा. उपाय नकोत, अनुभव हवेत.

कोयनाकाठ

कराडला काउंटरवर बसते. माझा हिशेब सांगते. रंग लावल्यापासून सतराव्या-अठराव्या दिवशी भांगात पांढरी रेघ दिसायला लागते. समोर उभा असलेला माणूस बोलताना डोळ्यांकडे न बघता भांगाकडे बघतो, ते कळतं. म्हणून मी दर तिसऱ्या रविवारी लावते, सात वर्षं झाली.

माझ्या नवऱ्याचे केस बोटभर. दर महिन्याला कापले जातात, त्यामुळे काळे-पांढरे सगळीकडे सारखे मिसळलेले, रेघ कुठेच नाही. आमचे केस लांब, मधोमध भांग, त्यात कुंकू. पिकणं तेच, पण आमच्याकडे ते एका रेषेत मांडून ठेवल्यासारखं दिसतं. आणि ती रेघ दिसली की लोक वय मोजत नाहीत, "हिने लक्ष दिलं नाही" असं म्हणतात.

विश्रामबाग ४१६

ताई, केमिकल लावलंत म्हणून त्रास झाला. मी काळी मेहंदी लावते. पानांपासून बनवलेली, एकदम नैसर्गिक. सहा वर्षांत काही झालं नाही.

ओपीडीतून

साताऱ्यात त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. विश्रामबाग, मेहंदीच्या पानाने पांढरा केस केशरी-तांबूस होतो, काळा होत नाही. मेहंदी धुऊन त्यावर नीळ, म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची पूड लावली तर काळपट येतो, पण त्याला दोन वेळा बसावं लागतं आणि बराच वेळ जातो. एकाच पुडीत अर्ध्या तासात काळेभोर होत असतील, तर त्यात बहुतेक पीपीडी हे केस काळे करणारं रसायन असतं. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत घटक असतात, ते वाचा. "अमोनिया नाही" लिहिलेलं असलं तरी पीपीडी असू शकतं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

सहा वर्षं काही झालं नाही, यावरही जाऊ नका. अ‍ॅलर्जी अशीच वर्षानुवर्षं वापरल्यावर उठते, धागाकर्तीलाही बाराव्या वर्षी उठली. लावल्यावर लगेच न येता एक-दोन दिवसांनी येते, म्हणून बायका आदल्या दिवशीच्या जेवणाला दोष देतात. दर वेळी थोडा कालवलेला रंग कानामागे लावून ४८ तास थांबायचं. पण एकदा सूज आलेली असेल तर घरी ही चाचणीसुद्धा करायची नाही. पीपीडी नसलेल्या काही रंगांत त्याच कुळातलं दुसरं रसायन असतं, आणि बऱ्याच जणांना तेही सोसत नाही.

आता अनुभव. सूज आलेले पुरुष पेशंटही येतात. त्यांना "बंद करा" म्हटलं की "बरं" म्हणून उठतात. बाई मात्र विचारते, "मग लग्नकार्याला काय करू?" एक जण तर सूज उतरल्यावर महिन्याने तोच रंग लावून परत आली. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. तिला रागावायला माझी जीभ वळली नाही.

आई_२

माझ्या मुलाचे बावीसाव्या वर्षीच केस पिकायला लागलेत. कुठलं तेल लावू?

ओपीडीतून

आई, पिकलेला केस तेलाने काळा होत नाही. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि घरात कुणाचे लवकर पिकले होते का तेही आठवा. बऱ्याचदा ते आनुवंशिकच असतं.

द्राक्षबाग

तासगाव. पुरुषांना काहीच सोसावं लागत नाही, हे पटत नाही. ३६ व्या वर्षी स्थळं बघत होतो. मामाने सांगितलं, "केस काळे करून ये, नाहीतर बिजवर समजतील." सहा ठिकाणी रंगवून गेलो. एका मुलीच्या वडिलांनी मिशीत राहिलेले दोन पांढरे केस बघून जन्मतारीख पुन्हा विचारली.

कोयनाकाठ

दादा, लग्नानंतर किती दिवस रंगवलेत?

द्राक्षबाग

लग्नानंतर बंदच केलं. खरं आहे, कुणी विचारलंही नाही. बायको आता ४१ ची आहे, ती रंगवते. मी कधी सांगितलं नाही, पण रंगवू नकोस असंही म्हणालो नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

वाळव्याची लेक

केसांबद्दल सगळे बोलले, मी सुरकुत्यांबद्दल लिहिते. वडिलांची एकसष्टी होती. चौकात फ्लेक्स लावायचा म्हणून दोघांचे फोटो दिले. दादांचा रापलेला चेहरा, कपाळावरच्या आठ्या, पांढऱ्या मिशा, सगळं जसंच्या तसं. डिझाइन करणारा पोरगा म्हणाला, "दादांचा चेहरा कसा कष्टाचा दिसतोय, याला हात लावत नाही." आईकडे बघून म्हणाला, "काकूंचा जरा साफ करून देतो."

आई त्याच उसात, त्याच उन्हात चाळीस वर्षं राबली. पाळी गेल्यावर तर चार-पाच वर्षांत तिची कातडी एकदम पातळ झाली, हाताला नुसता धक्का लागला तरी काळं-निळं होतं. त्याने फोटोत तिच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या पुसल्या, गाल गुळगुळीत केले. त्यात कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदणही गेलं. त्याला ते डाग वाटले. ते गोंदण आजीने तिला सातव्या वर्षी मांडीवर धरून करून घेतलं होतं. फ्लेक्स लागल्यावर आई खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. मग हनुवटीला बोट लावून मला म्हणाली, "माझं हे कुठं गेलं गं?"

मी पुन्हा छापून आणला. दादा म्हणत होते, कशाला एवढा खर्च, आता चांगलीच तर दिसतेय.

विश्रामबाग ४१६

पुडी बघितली. मागे पीपीडी लिहिलंय, पुढे मोठ्या अक्षरांत मेहंदी. ओपीडीतून, नुसत्या मेहंदीवर नीळ लावली तर चालेल ना? मला पूर्ण पांढरं सोडायचं धाडस अजून नाही.

ओपीडीतून

निखळ पानांची पूड असेल तर बहुतेकांना चालते. पण नीळ म्हणून विकलेल्या पुडीतही पीपीडी मिसळलेलं मी पाहिलंय. घटक वाचा, आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा. आणि सोडायचं की नाही याची घाई नको, ते तुमचं तुम्ही ठरवा.

हरभट रोड

वाळव्याची लेक, तुझ्या आईचा प्रश्न वाचून आज वर्गात लक्ष लागेना. द्राक्षबाग, तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या घरातही कुणी कधी बोललं नव्हतं. काल रात्री यांना धागा वाचायला दिला. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "फोटोग्राफर आजी म्हणाला तेव्हा मी काही बोललो होतो का?" नव्हते बोलले.

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनासाठी मी लेखी अर्ज दिलाय. सोमवारी बैठक आहे.