अनुभव धागा: पाकिटातल्या गर्भनिरोधक गोळ्या चुकल्या तेव्हा तुम्ही काय केलं?

परभणीची लेक
आधी माझंच सांगते, मग तुम्ही लिहा. मी माला-एन घेते. 21 पांढऱ्या, 7 लोहाच्या. औंदा पंचमीला माहेरी गेले होते. शनिवारी लोहाची शेवटची गोळी झाली आणि रविवारपासून नवं पाकीट उघडायचं होतं. ते पाकीट सासरी कपाटात, साड्यांच्या घडीखाली राहिलं. माहेरी कुणाला सांगणार, की मला मेडिकलवर जायचंय म्हणून? झोका, फेर, पुरणाचे दिंड, ह्यातच दोन दिवस गेले. मंगळवारी रात्री घरी आल्या आल्या दोन गोळ्या सोबत घेतल्या आणि निवांत झाले. म्हटलं, दोनच तर चुकल्या, त्याही सुरुवातीच्या. महिनाभर खाल्लेलं औषध अंगात असेलच की. त्याच रात्री संबंध आला.

गुरुवारी उपकेंद्रात बीपी दाखवायला गेले तेव्हा सहज सिस्टरला बोलले. त्यांनी पेन खाली ठेवला आणि बोटावर मोजलं. लोहाचे सात, वर रविवार, सोमवार. "नऊ दिवस तू औषधाविना आहेस बाई. दोन चुकल्या असं म्हणू नको." संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी त्यांनी तिथंच समोर घ्यायला लावली, रात्रीची नेहमीची चुकवू नको म्हटल्या आणि सात दिवस निरोध सांगितला. तीन आठवड्यांनी चाचणी केली, काही नव्हतं. पण त्या तीन आठवड्यांत माझं जेवणात लक्ष नव्हतं.

बीडवाला
ताई, एवढं घाबरायचं काम नाही. आमच्या मंडळींना सांगितलेला नियम सोपा आहे: आठवली की लगेच घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन-तीन चुकल्या तर ते पाकीट फेकायचं, पाळी येऊ द्यायची आणि पाचव्या दिवसापासून नवं.

निवृत्त सिस्टर, लातूर
भाऊ, पहिलं वाक्य बरोबर. एखादीच चुकली असेल तर तेवढंच करायचं, बाकी काही नाही. दुसरं मात्र करू नका. पाकीट फेकून पाळीची वाट बघणं म्हणजे मधे आणखी मोकळे दिवस घालणं, आणि धोका त्या मोकळ्या दिवसांतच असतो.

मी बायांना असं सांगायचे. सात दिवस सलग पांढरी गोळी गेली की अंडाशय झोपतं. मग सात दिवस नाही दिली तरी ते उठत नाही, म्हणून तर लोहाचा आठवडा ठेवलाय. आठवा-नववा दिवस लागला की मात्र कूस बदलायला लागतं. त्यामुळं गोळी कोणत्या आठवड्यात चुकली ह्याला महत्त्व. पहिल्या आठवड्यात चुकली तर मागच्या सात मोकळ्या दिवसांना जोड मिळते. ह्या लेकीचं तेच झालं. मधल्या आठवड्यात, आधीच्या सात नीट गेलेल्या असल्या, तर झोप गाढ असते. तिथं दोन चुकल्या तरी सात दिवस निरोध वापरला की भागतं, तातडीची गोळी लागत नाही. शेवटच्या आठवड्यात चुकल्या तर पुढं लोहाचे सात दिवस उभेच असतात, ती जोड तोडायची.

रानजाई
म्हणजे कशी तोडायची ते मी सांगते, मला करावं लागलंय. नणंदेच्या लग्नात सतरावी आणि अठरावी राहिली. आठवलं तेव्हा एक लगेच घेतली, रात्रीची रात्री. सात दिवस निरोधही. एकविसावी संपली की लोहाच्या सातही गोळ्या केरात टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी थेट नव्या पाकिटातली पांढरी, असं मला सांगितलं होतं. तसंच केलं.

आता गंमत बघा. मधला आठवडाच नाही, तर पाळी कुठून येणार? थोडे डाग दिसले, बस. सासूबाईंचं माझ्या बाहेर बसण्याकडं पहिल्यापासून लक्ष. आठ दिवस काही बोलल्या नाहीत, मग एक दिवस ताटात लिंबाचं लोणचं जरा जास्तच वाढलं. मला हसू आवरेना. पुढच्या पाकिटाला पाळी आली तेव्हा लोणचं बंद.

जालनेकर मामी
मी पण महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढं ढकलायला गोळ्या घेतल्या होत्या. एक विसरले तर दुसऱ्याच दिवशी आली! सोवळ्याचा सगळा घोळ झाला. मधल्या आठवड्यात विसरायला पाहिजे होतं का मग?

निवृत्त सिस्टर, लातूर
मामी, तुमची गोळी वेगळी. ती फक्त पाळी लांबवते, तिच्या भरवशावर दिवस जायचे थांबत नाहीत. हा आठवड्यांचा हिशोब तिला नाही.

ऊसतोडीची सून
मी छाया घेते, रविवार आणि बुधवार. कारखान्याला जायच्या गडबडीत बुधवारची राहिली. माझं काय?

निवृत्त सिस्टर, लातूर
तिलाही हा हिशोब नाही, तिच्यात माला-एनसारखे हार्मोनच नाहीत. राहिलेली आठवल्याबरोबर घे, वार तेच ठेव, आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापर. सात दिवसांहून जास्त उशीर झाला असेल तर नव्यानं सुरुवात, पहिले तीन महिने आठवड्याला दोन.

हिंगोलीची आशा
सिस्टर, एक विचारायचं होतं. तुम्ही दोनवर निरोध म्हणायलात. आमच्या प्रशिक्षणात तीन सांगितलं होतं. दोन चुकल्या तर नुसत्या घेत राहायच्या.

निवृत्त सिस्टर, लातूर
तुझंही चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या पुस्तकात तीन होतं, पुढं काही ठिकाणी दोन धरू लागले. गोळी तीच, मोजायची पद्धत बदलली.

हिंगोलीची आशा
मग बायांना काय सांगू? आधीच म्हणतात, दर वेळी नवीनच सांगता. वरून कागद येईपर्यंत मी तीनच सांगणार. पण पहिल्या आठवड्यातली असली तर दोनलाच निरोध देईन.

रानजाई
माझं मत, निरोध द्यायला कागद कशाला लागतो?

परभणीची लेक
सिस्टर, मला एक कळलं नाही. लोहाच्या चुकल्या तर?

निवृत्त सिस्टर, लातूर
टाकून द्यायच्या, गर्भ राहण्याशी त्यांचा संबंध नाही. त्या फक्त सवय मोडू नये आणि रक्त वाढावं म्हणून आहेत. पण त्या विसरणारी बाई नवं पाकीटही उशिरा उघडते, हे मी फार बघितलंय. पुढच्या वेळी पंचमीला जाताना दोन पाकिटं पर्समध्ये टाक. आणि 72 तास उलटून गेले असते तर संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवता आली असती, तेही लक्षात ठेव.

नवीन खाते
मी पहिल्यांदाच लिहितेय. माझी बारावी आणि तेरावी चुकली. म्हणजे मधला आठवडा, मी सुरक्षित ना? पण सातवीच्या आसपास नांदेडहून येताना बस लागली होती, गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली. ती धरायची का?

निवृत्त सिस्टर, लातूर
गोळी घेतल्यावर किती वेळानं उलटी? दोन-तीन तासांच्या आत असेल तर ती गेली म्हणायची, मग बारावीच्या आधीच्या सात सलग धरता येत नाहीत. नेमकी कितवी होती?

नवीन खाते
सातवी किंवा सहावी. पाकीट समोरच आहे पण फोडलेल्या जागा सगळ्या सारख्याच दिसायल्यात.

निवृत्त सिस्टर, लातूर
मग चुकलीच धर. संबंध कधी आला होता ते सांग. इथं नको लिहायचं तर आजच उपकेंद्रात जा, पाकीट सोबत ने.