मदत हवी आहे: बल्ब फुटला, बूड होल्डरमध्येच अडकलंय

रात्रपाळी: बल्ब काढताना काच हातातच फुटली आणि पितळी टोपी होल्डरमध्ये राहिली, कडेला काचेचे तुकडे आहेत. बटण बंद केलंय. पटकन सांगा कशी काढू, रात्री दिवा लागतोच.

सुगरण७२: अर्धा बटाटा दाबायचा आणि फिरवायचा. आमच्याकडे एकदा लगेच निघाला होता.

तारवाला: थांबा! बल्ब पिनचा की आट्यांचा? आणि नुसतं बटण नको, मेन स्विच बंद करा. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो.

निवांत: एलईडी लावा हो, बिल कमी येतं.

रात्रपाळी: बिल कोणी विचारलंय? पिनचा आहे, जुना पिवळ्या उजेडाचा.

खिडकीशी: दारं-खिडक्या उघडा, त्यात पारा असतो, माझा फुटला तेव्हा आम्ही सगळे बाहेर जाऊन बसलो होतो.

तारवाला: पारा सीएफएल आणि ट्यूबमध्ये, तारेच्या जुन्या बल्बमध्ये नाही. आणि बटाटा नको: त्याचं पाणी होल्डरमध्ये उतरतं, आतल्या पिना गंजतात, शिवाय पिनचा बल्ब आधी वर दाबावा लागतो, तिथे बटाटा चुरडतो.

सुगरण७२: आमचा आट्यांचा होता, तो निघालाच की.

तारवाला: आट्यांचा निघत असेल, वाद नाही, तरी करंट बंद हवाच. रात्रपाळी, मेन बंद करून टेस्टर लावा. टेस्टर आधी चालू प्लगवर पेटतोय ना बघा, नाहीतर बिघडलेला टेस्टर तुम्हाला फसवेल. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, मेन पडला तरी त्याची लाईन चालू राहते. मग चष्मा, जाड हातमोजे, खाली जुनी चादर. आधी उरलेली काच लांब तोंडाच्या पकडीने मोडून काढा, मग टोपीची कड पकडून वर दाबा, खालून बघताना घड्याळाच्या उलट थोडंसं फिरवा आणि खाली ओढा.

रात्रपाळी: बाप रे, बटण बंद होतं तरी टेस्टर पेटला!! आता मेन बंद केला, पेटत नाही. पण कड पकडली की पत्राच फाटतोय, फिरत नाही.

तारवाला: म्हणजे गंजून बसलीय, जोर लावू नका, होल्डर तुटेल. टोपीला समोरासमोर दोन पिना आहेत, त्यांच्या मधली भिंत पकडीने आत दुमडा. टोपी अरुंद झाली की पिना खाचेतून सुटतात.

रात्रपाळी: निघाली! दोन्ही बाजू दुमडल्यावर खाली पडली. पण आतली एक स्प्रिंगची पिन वर दबलेलीच राहिलीय, नवा बल्ब लावू का?

तारवाला: नको. ती पिन बल्बला नीट टेकणार नाही, ठिणग्या उडतील, होल्डर तापेल. होल्डर बदला. आणि ते बटण फेजवर आणून घ्या, वायरमनकडूनच.

खिडकीशी: पिनेला तेलाचा थेंब दिला तर?

सुगरण७२: बटाटा फुकट गेला म्हणायचा.