मदत हवी आहे: फ्रंट लोड वॉशिंग मशीनमधून पाणी बाहेर जात नाही

मंडळी, आमचं मशीन धुणं झालं की ड्रममध्ये पाणी तसंच ठेवून अडकतं, दारही उघडत नाही. टेक्निशियनने न बघताच फोनवर ‘पीसीबी गेला असेल’ म्हणून सांगितलं. मला ते पटत नाही.

प्लग काढून, पाणी कोमट झाल्यावर खालचं झाकण उघडलं. फिल्टरशेजारच्या बारीक नळीने परातीत पाणी काढलं, ते जोरात आलं. म्हणजे ड्रमपासून पंपापर्यंतची वाट मोकळी असावी. फिल्टरमध्ये एक हेअरपिन आणि केसांचा गुंता निघाला. मागचा ड्रेन पाइप काढून नळाखाली धरला, आरपार पाणी गेलं. सगळं परत जोडून फक्त ड्रेन-स्पिन लावलं, तरी पाणी हलेना. पंप मात्र गुणगुणतो, म्हणजे वीज तिथवर पोचते आहे. मग पीसीबीचा संबंध काय?

आता मुख्य शंका. प्लग काढून फिल्टरच्या भोकातून बोटाने पंपाचा पंखा फिरवला. माझ्या माहितीप्रमाणे आतल्या चुंबकामुळे तो अडकत अडकत, झटके देत फिरायला हवा. आमचा लोण्यासारखा गरागरा फिरतो, शिवाय थोडा डुगडुगतो. पंखा दांड्यावरून सुटला असेल का? हेअरपिननेच तोडला असावा असं वाटतंय.

कुणी असा पंप घरी बदललाय का? नुसता पंखा मिळतो की पूर्ण पंपच घ्यावा लागतो? मशीन आडवं न करता, खालून हात जातो का?