‘व्यूहात्मक नियंत्रण’: नियंत्रण नेमके कशावर?

आबोली (साखळी): व्यवस्थापनाच्या पेपरात ‘स्ट्रॅटेजिक कंट्रोल’साठी मी ‘व्यूहात्मक नियंत्रण’ लिहिले, मैत्रिणीने ‘धोरणात्मक नियंत्रण’. सरांनी दोन्ही मान्य केले. पण दोन्ही शब्द वाचले की हजेरी घेणारा सुपरवायझरच डोळ्यांपुढे येतो. इथे नियंत्रण कशावर असते? आणि चांगली आखलेली योजना फसली, तर नियंत्रण कमी पडले असे म्हणायचे का?

काटेकोर (पर्वरी): ‘धोरण’ आपण पॉलिसीसाठी वापरतो, म्हणून ‘व्यूहात्मक’च बरे. नियंत्रण म्हणजे ठरले काय आणि झाले काय, यातला फरक काढून माणसांना वळणावर आणणे. योजना कागदावर चांगल्याच असतात, खालचे लोक त्या पाळत नाहीत म्हणून फसतात.

मांडवीकाठ (पणजी): ‘व्यूहात्मक’बद्दल सहमत. खालच्या लोकांवर ठपका मात्र घाईचा वाटतो. कळंगुटचे शंभर खोल्यांचे एक हॉटेल धरू. रोज सरासरी ७५ खोल्या ३,००० रुपयांनी जातात, म्हणजे २,२५,००० रुपये. मालक ठरवतो की स्वस्त पॅकेजची गर्दी सोडायची आणि लग्नसमारंभ, कंपन्यांच्या बैठका असे पाहुणे आणायचे. खोल्या ६० गेल्या तरी चालतील, पण दर ४,५०० हवा. तसे झाले तर रोजचे २,७०,००० होतात, शिवाय धुलाई आणि नाश्त्याचा खर्च उतरतो.

सहा महिन्यांनी अहवाल येतो: ७८ खोल्या भरलेल्या. सगळे खूश. पण दर पाहिला तर २,९००, म्हणजे २,२६,२००. उत्पन्न जिथल्या तिथे आणि खर्च वाढलेला. का? कारण विक्री विभागाचा बोनस अजून किती खोल्या भरल्या यावरच ठरत होता. लग्नाचे बुकिंग पक्के व्हायला महिने लागतात, पॅकेज एका फोनवर विकले जाते. लोकांनी आदेश मोडला नाही. ज्याचे पैसे मिळत होते, ते काम त्यांनी चोख केले. मालकाने योजना बदलली, पण बोनसचा नियम आणि अहवालाचा तक्ता जुनाच ठेवला.

रोजच्या कामावरचे नियंत्रण इथे उत्तम चालले होते. ४,५०० किंवा त्याहून वरच्या दराने किती खोल्या गेल्या, पुढच्या तिमाहीची किती समारंभांची आगाऊ रक्कम जमा झाली, हे कुणी विचारलेच नाही. ते विचारणे हे स्ट्रॅटेजिक कंट्रोलचे काम. दुसऱ्याच महिन्यात चूक दिसली असती.

खाणपट्टा (डिचोली): सरकारी नियंत्रणाबद्दल विचारत असाल तर आमच्या घरचेच सांगतो. खनिज वाहतुकीसाठी कर्ज काढून ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. ट्रक दारात उभे, हप्ते चालू. पुढे काम सुरू झाले, तर मार्च २०१८ मध्ये परत बंद. आमची मेहनत कुठे कमी पडली नव्हती.

मांडवीकाठ: आबोलीचा प्रश्न सरकारी नियंत्रणाचा नाही, पण तुम्ही सांगितलेले अगदी त्याच्या मुळाशी जाते. तुमची अंमलबजावणी चोख होती, गृहीतक ढासळले: ‘खनिजाची वाहतूक अशीच चालू राहील’. श्रेयॉग आणि स्टाइनमान या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९८७ मध्ये स्ट्रॅटेजिक कंट्रोलचे तीन भाग मांडले, त्यातला पहिला गृहीतकांवर लक्ष ठेवण्याचा. दुसरा, योजना राबवताना टप्प्याटप्प्यावर ‘पुढे जायचे का?’ हे विचारण्याचा. तिसरा, आपल्या यादीत नसलेले धोके हेरण्यासाठी आजूबाजूला नजर ठेवण्याचा. पहिल्यासाठी गृहीतके आधी लिहून काढावी लागतात, आणि बहुतेक ठिकाणी तीच कुणाच्या कागदावर नसतात.

आबोली: मग हॉटेलवाल्याचे गृहीतक ‘कळंगुटला ४,५०० देणारे समारंभ मिळतील’ हे असेल. बोनस बदलूनही समारंभ आले नाहीत, तर ते चुकले असे समजायचे. पण बोनस जुनाच असताना ते चूक की बरोबर, हे कळणारच नाही ना?

मांडवीकाठ: नेमके हेच. अंमलबजावणी अर्धवट असली की योजनेची परीक्षाच होत नाही. उत्तरपत्रिकेत हे आवर्जून लिहा.

काटेकोर: बोनसचा मुद्दा मान्य, माझे विधान सरसकट होते. पण दर तिमाहीला गृहीतके उकरत बसलात, तर एकही योजना तडीस जाणार नाही. लग्नाची बुकिंग यायला वर्ष लागत असेल, तर दुसऱ्या महिन्यात घाबरून परत पॅकेजकडे वळणे हेही अपयशच.

मांडवीकाठ: ही अडचण खरी आहे. किती आकडा आला तर थांबायचे, हे सुरुवातीलाच ठरवावे असे मी म्हणेन. पण नव्या धंद्यात तो आकडा ठरवायचा कशावरून, याचे पक्के उत्तर माझ्याकडे नाही.

आबोली: शब्दाचे काय मग? ‘व्यूहपडताळणी’ कसा वाटतो?

काटेकोर: पडताळणीत फक्त तपासणे येते. चुकले तर योजना बदलण्याचा अधिकार त्या शब्दात उतरत नाही. मी अजून ‘नियंत्रण’वरच आहे.

खाणपट्टा: मला ‘पडताळणी’च जवळची वाटते. २०१२ च्या आधी आमच्या घरी तीच कुणी केली नव्हती.