समासातली ओळ

“समासात लिहिलेली ओळ मजकुरात घ्यायची की सोडायची, या पेचातून माझ्या कथेतल्या नकलनवीस भिक्षूला कसं सोडवू?”

खरीच ओळ घ्या ना. बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र, अध्याय ५: स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा. जुन्या लॅटिन प्रतींत ती नाही, पुढे काहींच्या समासात आली. पण नकलताना सुटलेले शब्दही समासातच लिहीत. मग ही कुणाची टीप की दुरुस्ती, हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?

५४६ च्या सुमाराची, नव्या कराराची लॅटिन हस्तलिखित असलेली फुल्डाची प्रत तर तुमच्यासाठी आयतीच आहे. प्रस्तावनेत तक्रार की अनुवादकांनी ही साक्ष गाळली, आणि पत्रात बघावं तर ओळ नाहीच! भिक्षूला ती प्रस्तावना आधी उतरवू द्या. पत्रापाशी पोचेपर्यंत ओळ आत घ्यायला त्याचे हात शिवशिवू लागतील.