ह्यांच्या पासबुकातलं न जुळणारं व्याज (अनुभव धागा)

सुमन_ताई: परवा इथे कुणीतरी जुन्या रोजकीर्दीचा फोटो टाकला होता. तो पाहून लिहावंसं वाटलं. मी दूध संघात हिशेब लिहायचे, आता निवृत्त आहे. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. ह्यांचं पासबुक बँकेतून भरून आणलं आणि सवयीने पेन्सिल घेऊन एकेक नोंद तपासायला बसले.

शिल्लक कधी ३६ हजार, कधी ४० हजार. ३ टक्के दराने तिमाहीला तीनशेच्या आतबाहेर व्याज यायला हवं. तसं होतंही, एकदा २८४, पुढे २९१. पण मध्येच १७ तारखेला आणखी एक व्याज जमा : ३,५००. एवढ्याशा शिलकीवर हे शक्यच नाही. मागची पानं चाळली, तर दर तीन महिन्यांनी १७ तारखेलाच ३,५००. एका रुपयाचाही फरक नाही.

बचतीची शिल्लक रोज हलते, म्हणून तिचं व्याजही हलतं. हा आकडा हलत नव्हता, म्हणजे त्याच्यामागचं मुद्दल जागचं हललेलं नाही. वर्षाचे १४,०००. ७ टक्क्यांनी उलटं काढलं तर २ लाख. कुठेतरी मुदत ठेव आहे आणि घरात कुणालाच माहीत नाही! पावती सापडलेली नाही. कुणाला असा आकड्यावरून माग लागलाय का?

पक्या_कोल्हापूर: काकू, बँकेची चूक असेल. व्याज दहा तारखेनंतरच्या सगळ्यात कमी शिलकीवर लावतात, त्यात गडबड होते कधी कधी.

निवृत्त_शाखाधिकारी: पक्या, बँकांत तो नियम एप्रिल २०१० ला गेला. तेव्हापासून रोजच्या शिलकीवर व्याज लागतं. पोस्टाच्या बचत खात्याला मात्र अजून दहा तारीख ते महिनाअखेर बघतात. सुमनताई, तुमचा तर्क बरोबर आहे. १७ तारीख हाही पुरावाच आहे, ठेव बहुधा कुठल्यातरी १७ तारखेला उघडलेली असणार. फक्त २ लाख पक्के धरू नका. दर ५.६ असेल तर मुद्दल अडीच लाख निघतं. शाखेत मृत्यूचा दाखला दाखवून त्यांच्या ग्राहक क्रमांकावरच्या सगळ्या ठेवी काढायला सांगा. पावती नसली तरी अडत नाही.

स्वराची_आई: ताई 🙏 काळजी घ्या. माझ्या बाबांच्या वेळी आम्ही पासबुक उघडलंच नाही, हिंमतच झाली नाही.

गावाकडचा_मन्या: आमच्याकडे पासबुकाचं यंत्र महिनाभर बंद आहे. कुणाकडे चालू आहे का? साताऱ्यात.

मेघना_ठाणे: मन्या, खिडकीवर सांगा, हाताने भरून देतात. आमच्याकडे सासऱ्यांचे मेसेज त्यांच्याच मोबाईलवर यायचे आणि तो नंबर आम्ही बंद केला होता. त्यामुळे चार ठिकाणच्या ठेवी कळल्याच नाहीत. आयकराच्या संकेतस्थळावर त्यांचं वार्षिक माहिती विवरण काढलं, त्यात बँकवार व्याज दिसलं. पण आधी वारस म्हणून तिथे नोंदणी करावी लागते, त्यात वेळ गेला.

पक्या_कोल्हापूर: मग आमच्या आजीच्या पोस्टातल्या आवर्ती ठेवीचं काय? तीही अशीच दिसेल का?

निवृत्त_शाखाधिकारी: नाही, आवर्तीचं व्याज बचतीत पडत नाही, मुदत संपल्यावर मुद्दलासोबत मिळतं. बँकेतल्या पुनर्गुंतवणुकीच्या ठेवींचंही तेच. सुमनताईंना माग लागला कारण त्यांच्या यजमानांनी तिमाही व्याज घेण्याचा पर्याय निवडला होता.

सुमन_ताई: आज जाऊन आले. ठेव आहे! २ लाखच, ७ टक्के. उघडली १७ तारखेलाच. मॅनेजरबाई चांगल्या होत्या, बसवून पाणी दिलं. पण नामनिर्देशन सासूबाईंचं आहे आणि त्या ह्यांच्याही आधी गेल्या. आता काय करायचं?

मेघना_ठाणे: अरे देवा. आम्हालाही थेट कोर्टाचा दाखला आणा म्हणाले होते.

निवृत्त_शाखाधिकारी: नामनिर्देशित व्यक्तीच हयात नसेल, तर पैसे कायदेशीर वारसांच्या दाव्याने मिळतात. सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र, दाखले लागतात. ठरावीक रकमेपर्यंत बँका कोर्टाच्या दाखल्याशिवाय निकाली काढतात. तुमच्या बँकेची मर्यादा लेखी विचारून घ्या. मुदत संपायची असेल तर आधी मोडूही शकता, ठेवीदार गेल्यावर त्याला दंड नसतो.

सुमन_ताई: मुलगा पुण्यात, लेक बंगळूरला. दोघांच्या सह्यांसाठी बँकेत यावंच लागेल का?

स्वराची_आई: माझा भाऊ दुबईला होता, त्याने तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवलं. देशात असताना काय करतात माहीत नाही.

गावाकडचा_मन्या: खिडकीवर भरून मिळालं. धन्यवाद मेघनाताई.